झिरी मारण्याआधीची दहा मिनिटं

निलंगा आणि शेजारच्या औसा तालुक्यातलं बांधकाम ३० सप्टेंबर १९९३ नंतर बदललं. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती. चार वाजायच्या सुमाराला किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली गाडले गेले. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, अशी ती घरं होती. पुनर्वसनात नवी गावं वसली ती सिमेंटची. त्यानंतर ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर घर बांधलं त्यांनीही वीट, सिमेंट आणि लोखंडाचीच वाट धरली.

त्याबरोबर गवंड्याच्या हातातली अवजारंही बदलली आणि नाकात जाणारी धूळही बदलली. याची दखल मात्र कुणी घेतली नाही. मराठवाड्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळं क्वार्ट्झ फारच थोडं असतं. पाथरवट छिन्नीने तो घडवायचा तेव्हा कपच्या उडायच्या, धूळही व्हायची, पण ती कमी घातक होती. आज साइटवर कापलं जातं ते वेगळंच आहे. भाजलेली वीट, नदीच्या वाळूचा माल, काँक्रीट, व्हिट्रिफाइड टाइल आणि ओट्यासाठी येणारं ग्रॅनाइट या सगळ्यांत क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये तर साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आणि कापणारं यंत्र मिनिटाला हजारो फेरे फिरतं.

पुण्या-हैदराबादच्या मोठ्या साइटवर रोज सकाळी काम सुरू होण्याआधी गड्यांना एकत्र उभं करून दहा मिनिटं एकाच धोक्याबद्दल बोलतात. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. लातूर जिल्ह्यातले कितीतरी गवंडी अशा साइटवर काम करून आलेले आहेत, पण गावाकडच्या गुत्त्याच्या कामावर ही पद्धत सहसा नसते. निलंग्यात एखाद्या गल्लीत दोन मजली घर चढतंय, वीटकाम झालंय, गिलावा व्हायचाय आणि उद्यापासून कन्सील वायरिंगच्या झिऱ्या मारायच्या आहेत. मुकादमाने बोलायचं ते याच दिवशी. काय बोलायचं आणि का, ते या प्रकरणात आहे. वायरमन आणि त्याचा पोऱ्या त्या वेळी हजर हवेतच. बहुतेक ठिकाणी झिरी तेच मारतात आणि त्याच खोलीत गवंडी गिलाव्याची तयारी करत असतो. मशीन एकाच्या हातात असते, धूळ मात्र चौघांच्या छातीत जाते.

सुरुवात भाषणाने करू नये. आधी धूळ दाखवावी. ज्या खोलीला एकच खिडकी आहे तिथे ग्राइंडरने वीतभर झिरी मारायची. मारणाऱ्याने खाली सांगितलेला मास्क लावायचा आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मशीन बंद केल्यावर दहा मिनिटं जाऊ द्यायची. डोळ्याला खोली स्वच्छ दिसते, जाड धूळ खाली बसलेली असते. मग खिडकीवर पोतं टाकून अंधार करायचा, समोरून एकाने मोबाइलची बॅटरी लावायची आणि बाकीच्यांनी दारातूनच उजेडाच्या दिशेने, पण थोडं बाजूने बघायचं. उजेडाच्या पट्ट्यात धुकं तरंगताना दिसतं. कारखान्यांची तपासणी करणारेही अदृश्य धूळ शोधायला हीच युक्ती वापरतात. ते धुकं दिसलं की मुकादमाने बोलायला लागावं.

“बगा, मघाशी मशीन चालू होती तवा जो धुरळा डोळ्यात गेला त्याचं मला एवढं भ्या वाटत नाही. तो नाकात अडकतो, शिंकेबरोबर, खाकरल्यावर बाहेर येतो. भ्या ह्याचं हाय, जो आता तरंगतोय. हा केसापेक्षा दहा-वीस पट बारीक हाय. ह्याला नाकातली केसं अडवत नाहीत, घशातला कफ अडवत नाही. हा थेट फुफ्फुसाच्या तळाला जातो आणि तिथनं परत येत नाही. म्हणून झिरी मारून झाली की त्या खोलीत कुणी डबा उघडायचा नाही, कुणी आडवं व्हायचं नाही. तासभर तरी तिकडं फिरकायचं नाही.”

तासभर हा आकडा मनाचा नाही. हवा स्थिर असेल तर पाच मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण सेकंदाला दोनेक मिलिमीटर खाली उतरतो. म्हणजे माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला बारा-तेरा मिनिटं लागतात. दोन मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतराला तासाहून अधिक वेळ लागतो आणि एक मायक्रॉनच्या कणाला पाच तास. सगळ्यात खोल जाणारे कण हेच. दारं-खिडक्या उघड्या टाकून वारा आरपार जाऊ दिला तर खोली लवकर मोकळी होते, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुणी बसलेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं.

धूळ किती होते याचाही हिशोब करून बघण्यासारखा आहे. एका खोलीत दहा मीटर झिरी मारायची आहे असं धरू. पाइप बसायला शेजारी शेजारी दोन काप घेतात आणि मधला भाग छिन्नीने उडवतात. काप २५ मिलिमीटर खोल आणि ब्लेडच्या जाडीमुळे २ मिलिमीटर रुंद. दोन्ही कापांचा मिळून एक लिटर माल निघतो, म्हणजे पावणेदोन-दोन किलो वीट आणि सिमेंट पिठासारखं दळलं जातं. यातला हजारावा हिस्साच फुफ्फुसात जाण्याइतका बारीक असतो आणि त्यातला पाचवा हिस्सा क्वार्ट्झ आहे, असं अगदी बेताने धरलं तरी ४०० मिलिग्रॅम होतात. अमेरिकेतला बांधकामासाठीचा नियम आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्वार्ट्झ चालवून घेत नाही. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सव्वा-दीड मिलिग्रॅम झालं की ती मर्यादा संपते. म्हणजे एका खोलीच्या झिऱ्यांतून अडीचशेहून जास्त खोल्यांची हवा मर्यादेपर्यंत नेईल एवढी धूळ निघते. गड्यांपुढे हे आकडे मांडायची गरज नाही. मुकादमाला मात्र ते माहीत असावेत, म्हणजे “थोडीशीच तर मारायचीय” या वाक्यावर तो नरमणार नाही.

ही धूळ फुफ्फुसात काय करते, ते गड्यांना सोप्या शब्दांत सांगता येतं. बाहेरून आलेलं काहीही गिळून टाकणाऱ्या पेशी फुफ्फुसात असतात. त्या क्वार्ट्झचा कणही गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. या झटापटीत तिथे सूज येते, सुजेची जागा कडक व्रण घेतो, आणि अशा गाठी वाढत गेल्या की फुफ्फुस फुगेनासं होतं. नुकताच फुटलेला कण जुन्या, झिजलेल्या कणापेक्षा जास्त घातक असतो. ग्राइंडरमधून तर सगळेच कण नुकते फुटलेले निघतात. या आजाराचं नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. झालेला व्रण भरून येत नाही, आणि धुळीचं काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. याच धुळीने फुफ्फुसाचा कर्करोगही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

आता उपायांकडे. “मास्क लावा” हे वाक्य मुकादमाने सगळ्यात शेवटी बोलावं. ते आधी बोललं की बाकीचं कुणी ऐकत नाही.

“पहिली गोष्ट, जी झिरी मारावीच लागली नाही तिचा धुरळा होत नाही. मालकाला आज संध्याकाळी बोलवा. कुठं बटण, कुठं पंखा, कुठं फ्रिज, एसी आज ना उद्या लावायचा का, सगळं भिंतीवर खडूनं काढून घ्या आन् त्याच्याकडनं हो म्हणून घ्या. गिलावा झाल्यावर ‘हे बटण इकडं पायजे होतं’ म्हणलं की परत मशीन लावावी लागती. वरच्या मजल्याचं वीटकाम अजून चालू हाय. तिथं भिंत चढतानाच पाइप उभा करून घ्या. आन् चार इंची भिंतीला आडवी झिरी मारायची नाही, भिंत कमजोर होती. पाइप वरनं, स्लॅबमधनं आणा आन् सरळ खाली सोडा.”

शेवटच्या सूचनेमागे बांधकामाचा एक नेहमीचा नियम आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. चार इंची भिंतीत एक षष्ठांश म्हणजे सतरा मिलिमीटर, त्यात पाइप मावतच नाही. भूकंप पाहिलेल्या भागात हा नियम वेगळा पटवून द्यावा लागत नाही. तो पाळला की धूळ आपोआप घटते.

दुसरी गोष्ट म्हणजे अवजार बदलणं. जिथे छिन्नी-हातोडा किंवा करवत चालते तिथे ग्राइंडर कशाला? एएसी ब्लॉक, म्हणजे ते हलके पांढुरके ब्लॉक, हातकरवतीने सहज कापले जातात आणि भुसा जाड पडतो. वीट बसुलीच्या एका फटक्यात तुटते. साधी भिंतीची टाइल दांड्याच्या हातकटरवर रेघ मारून मोडता येते. विटेच्या भिंतीत थोडीच झिरी हवी असेल तर छिन्नी पुरते, कपच्या उडतात, पण पीठ फार होत नाही. मात्र नुकत्याच रचलेल्या चार इंची भिंतीवर हातोडा चालवला तर सांधे हलतात, म्हणून भिंतीला पुरेसं पाणी मारून माल पक्का होऊ द्यावा लागतो. छिन्नीला वेळ जास्त लागतो आणि गुत्त्यात वेळ म्हणजे पैसा. ही अडचण खरी आहे. तो जास्तीचा वेळ दर ठरवतानाच धरला पाहिजे, गड्याच्या माथी मारता कामा नये.

मशीन लावावीच लागली तर धूळ उडण्याआधी धरायची. त्याचे दोन मार्ग आहेत, पाणी आणि खेच.

पाण्याचा मार्ग बाहेर, अंगणात टाइल आणि ग्रॅनाइट कापताना चांगला. ज्या कटरला कंपनीनेच पाण्याची नळी दिलेली असते तोच वापरावा. पाणी ब्लेड जिथे दगडाला लागतं तिथेच पडलं पाहिजे आणि सतत पडलं पाहिजे. इंधनावर चालणाऱ्या मोठ्या हातकटरसाठी ब्रिटनची सरकारी सुरक्षा यंत्रणा मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सांगते, म्हणजे पंधरा लिटरची बादली अर्ध्या तासात रिकामी होते. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून थेंब थेंब सोडलं तर काही उपयोग होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खाली पातळ चिखल वाहत असेल आणि हवेत काही दिसत नसेल तर पाणी पुरेसं आहे. धूर दिसला की पाणी कमी पडतंय. भिंत आधी भिजवून ठेवली म्हणून झिरी ओली होत नाही, कारण ओल वरवर राहते आणि ब्लेड इंचभर आत कोरड्यात जातं.

इथेच मुकादमाने आवाज चढवून एक गोष्ट सांगायला हवी. साध्या हातग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही. तो पाण्यासाठी बनवलेला नसतो, आणि २३० व्होल्टच्या मशीनवर पाणी गेलं तर सिलिकोसिसची वाट बघावी लागत नाही. पाण्याचा कटर लावतानाही लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून घ्यायची, वायरचा जोड चिखलात पडू द्यायचा नाही आणि बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही.

खोलीच्या आत, भिंतीवर, बरा मार्ग खेचीचा. ब्लेडभोवती बंद टोपण, त्याला जाड नळी आणि नळीच्या टोकाला बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम. दोन ब्लेडचं वॉल चेसर मिळतं, ते एकाच फेरीत दोन्ही काप घेतं. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम इथे कामाचा नाही. त्याचा फिल्टर काही मिनिटांत बुजतो आणि बारीक धूळ मागून खोलीत फेकली जाते. अमेरिकी नियमाप्रमाणे चार इंची ब्लेडला मिनिटाला पावणेतीन घनमीटर हवा खेचली गेली पाहिजे. साइटवर ते मोजायला कुणाकडे साधन नसतं, पण टोपणाच्या कडेने धूर निसटताना दिसला की थांबून फिल्टर झटकायचा, तोही बाहेर, मास्क लावून. हे मशीन एका गुत्तेदाराला महाग पडतं. चार-पाच जणांनी मिळून घेतलं किंवा भाड्याने आणून सगळ्या झिऱ्या दोन दिवसांत उरकल्या तर परवडू शकतं.

आणि मग मास्क.

“दस्ती बांधली म्हणजे मास्क झाला नाही. दस्तीनं जाड धुरळा अडतो, आताचा जो उजेडात दिसला तो आरपार जातो. दवाखान्यातला निळा मास्क पण नको. हा बगा, एन पंच्याण्णव. नाहीतर ह्याच्यावर एफएफपी दोन लिहिलेलं पायजे आन् आयएसआयचा शिक्का. पट्टे डोक्यामागनं जाणारे घ्या, कानात अडकवायचे नको, ते ढिले पडतात. नाकावरची पट्टी दाबा, दोन्ही हातानं मास्क झाका आन् जोरात फुंका. डोळ्याकडं वारा आला तर बसला नाही.”

दाढी असली की मास्क चिकटत नाही, कडेने हवा आत शिरते. दुसरी अडचण तंबाखूची. तोंडात मावा असणारा माणूस दर पाच मिनिटांनी मास्क खाली ओढून थुंकतो आणि तेवढ्यात दोन खोल श्वास घेतो. मुकादमाने हे रागाने न बोलता स्पष्ट सांगावं, की मशीन हातात असेपर्यंत तोंड रिकामं. चांगला बसलेला एन ९५ धूळ साधारण दहापट कमी करतो असं धरतात. बंद खोलीत कोरडी झिरी मारताना मात्र धूळ मर्यादेच्या दहापटीहून कितीतरी वर जाऊ शकते, म्हणून नुसत्या मास्कवर विसंबणं चुकीचं. तो पाण्याच्या किंवा खेचीच्या जोडीला आहे.

संध्याकाळी होणारी एक चूक दिवसभराची मेहनत वाया घालवते. कोरडा झाडू घेतला की खाली बसलेलं सगळं पुन्हा तोंडाच्या उंचीला येतं. आधी पाणी शिंपडून ओलं झाडायचं. ब्लोअरने अंगावरची धूळ उडवायची नाही. कामाचे कपडे वेगळे ठेवायचे आणि घरी जाऊन लेकराला उचलायच्या आधी हात-तोंड धुऊन कपडे बदलायचे. ते कपडे घरात कुणी झटकू नये, सरळ पाण्यात टाकावेत.

एवढं झाल्यावर गड्यांना बोलू द्यावं. दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा, की आम्ही पंधरा-वीस वर्षं हेच करतोय, आम्हाला कुठं काय झालं? याचं उत्तर असं, की नेहमीचा सिलिकोसिस दहा वर्षांनी किंवा त्यानंतरच दिसू लागतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांतही दिसतो. आणि ज्याला दम लागायला लागला त्याने कधीच काम सोडलेलं असतं, तो या घोळक्यात उभा नसतो. दुसरा प्रश्न गुळाचा. संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की धूळ उतरते, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. गूळ जातो पोटात आणि धूळ असते फुफ्फुसात. गुळाने माणसाच्या फुफ्फुसातली धूळ निघते हे सिद्ध झालेलं नाही. खायचा तर खावा, पण त्याच्या भरवशावर मास्क काढू नये.

दुखण्याची सुरुवात साधी असते. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो, पूर्वीसारखी सिमेंटची गोणी उचलवत नाही. एक्स-रेत फुफ्फुसाच्या वरच्या भागात ठिपके दिसतात. क्षयरोगातही तिथेच दिसतात, म्हणून सिलिकोसिसच्या माणसाला टीबीची औषधं सुरू होण्याची शक्यता असते. पण दुसरी बाजूही आहे. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका खरंच कितीतरी जास्त असतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, तेव्हा थुंकी तपासल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये. निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत गेल्यावर “खोकला आहे” एवढंच सांगणं पुरत नाही. किती वर्षं मशीन चालवली, काय काय कापलं, बंद खोलीत की बाहेर, पुण्याला किती वर्षं आणि हैदराबादला किती, हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यावं. जुना एक्स-रे फेकू नये. नव्याशी ताडून बघायला तोच लागतो.

कागदाचं आणखी एक काम गुत्तेदाराच्या हातात आहे. कारखान्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायच्या आजारांत मोडतो, पण गल्लीतलं घर कारखाना नसतं. बांधकाम मजुरासाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला आणि त्याखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. वय १८ ते ६० असावं लागतं आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला गुत्तेदाराने मागण्याआधीच भरून द्यावा, आणि त्यात नुसतं “मजूर” न लिहिता “कटर चालवणे, झिरी मारणे” असं नेमकं काम लिहावं.